नोकरीपूर्व वैद्यकीय तपासणी सारांश : फेटलिंग विभाग, टोकन क्र. पी-११८

कारखाना : ग्रे आयर्न फाउंड्री, चाकण औद्योगिक वसाहत, पुणे जिल्हा
प्रस्तावित काम : फेटलर (हँड ग्राइंडर, पेडेस्टल ग्राइंडर, छिन्नी-हातोडा), तीन पाळ्यांत
तपासणीच्या तारखा : १० व १२ जून २०२४
ओळख : फोटो आणि ओळखपत्राची सत्यप्रत मूळ नोंदपत्रात. गोपनीयतेसाठी इथे फक्त टोकन क्रमांक.

निष्कर्ष आधी

श्रेणी २ : अटींसह पात्र. दोन्ही कानांत आवाजाने झालेल्या इजेची सुरुवात दिसते. ती आपल्या कारखान्यात रुजू होण्याआधीची आहे. डाव्या डोळ्याला चष्मा लागतो. फुप्फुसाची क्षमता आज सामान्य आहे. पण उमेदवार सिलिकाच्या धुळीत तीन वर्षे काम करून आलेला आहे, त्यामुळे आजचे आकडे पुढच्या प्रत्येक तपासणीशी ताडून पाहावे लागतील. अटी शेवटी दिल्या आहेत.

कामाचा इतिहास आणि सवयी

वय २७, पुरुष. शिरोली (कोल्हापूर) भागातल्या एका छोट्या कास्टिंग युनिटमध्ये तीन वर्षे ग्राइंडिंग. तिथे तोंडाला रुमाल बांधायचे, कानात कापूस घालायचे. रुमालातून बारीक धूळ आरपार जाते आणि कापसाने आवाज जेमतेम कमी होतो, म्हणून ही तीन वर्षे विनासंरक्षण धरली आहेत. मागचा मालक सँड कोअर वापरायचा. म्हणजे साच्याची वाळू कास्टिंगला चिकटून यायची आणि तीच ग्राइंडरखाली उडायची.

बिडी : दिवसाला ६, गेली ७ वर्षे. तंबाखू-चुना दिवसातून तीन-चार वेळा. तोंड उघडते ४२ मि.मी., तोंडात पांढरा चट्टा नाही. वडिलांना २०१९ मध्ये क्षयरोग झाला होता, उपचार पूर्ण केले. उमेदवाराला स्वतःला खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे यांपैकी काहीही नाही. फिट, दमा, हृदयविकार, मधुमेह नाही. ऑपरेशन झालेले नाही.

सर्वसाधारण

उंची १६६ सें.मी., वजन ६१ किलो, बीएमआय २२.१. नाडी ७६. रक्तदाब आल्या आल्या १४२/८८, दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा घेतला तेव्हा १२८/८२. दुसरे रीडिंग ग्राह्य. पहिल्या एका रीडिंगवर उच्च रक्तदाबाचा शिक्का मारायचा नाही. हर्निया नाही. पाठ, खांदे, गुडघे ठीक, पूर्ण बैठक मारून न धरता उठता येते. हाताची पकड उजवी ४२, डावी ३९ किलो. ग्राइंडरच्या कंपनामुळे बोटे पांढरी पडणे, मुंग्या, बधिरता नाही. दोन्ही मनगटांच्या नसांच्या चाचण्या नकारात्मक. हिमोग्लोबिन १३.४, रँडम साखर ९८, क्रिएटिनिन ०.९, लघवी व ईसीजी सामान्य.

कंपनीच्या मागणीपत्रातल्या 'फुल पॅकेज'मध्ये एचआयव्ही चाचणीही होती. ती केली नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार नोकरी देण्यासाठी ही चाचणी अट म्हणून घालता येत नाही. पुढच्या मागणीपत्रातून ती वगळावी.

दृष्टी

सहा मीटरवरून, चष्म्याशिवाय : उजवा ६/९, डावा ६/१८. पिनहोल लावल्यावर डावा ६/९ झाला, म्हणजे दोष नंबरचा आहे. चष्म्याने उजवा ६/६ (−०.५०), डावा ६/९ (−१.००). जवळचे वाचन दोन्ही डोळ्यांनी एन-६. समोरासमोरच्या तपासणीत दृष्टिक्षेत्र सामान्य. इशिहारा ३८ पानी पुस्तकातील पहिल्या २१ पानांपैकी २० अचूक. रंगदृष्टी सामान्य.

डाव्या बुबुळाच्या बाहेरच्या बाजूला पुसट पांढरा ठिपका आहे. दीड वर्षापूर्वी ग्राइंडिंगचा कण गेला होता, तो सुईने काढला. ठिपका बाहुलीसमोर नाही, त्यामुळे पाहण्यात अडथळा नाही. मात्र तेव्हा डोळ्यावर चष्मा होता का, या प्रश्नावर उत्तर आले, "होता, खिशात." मास्कच्या वरून बाहेर पडणारा श्वास गॉगलवर धुके करतो, मग माणूस गॉगल वर सरकवतो, आणि कण जायचा तो त्याच मिनिटाला जातो. साध्या चष्म्यावर गॉगल घातला की हे दुप्पट होते. म्हणून नंबरचाच सुरक्षा चष्मा हवा, बाजूच्या पट्ट्यांसह, आयएस ५९८३ नुसार. बाजारातला साधा चष्मा संरक्षण म्हणून धरू नये.

श्रवण

१० जूनला उमेदवार थेट रात्रपाळी करून आला होता. चाचणी घेतली, पण ती बेसलाइन म्हणून स्वीकारली नाही. डावा कान ४००० हर्ट्झला त्या दिवशी ५५ डेसिबल आला. १२ जूनला, १६ तासांहून जास्त शांततेनंतर, तोच ४५ आला. हा १० डेसिबलचा फरक तात्पुरत्या थकव्याचा होता. पहिला आकडा फाइलला लागला असता तर पुढच्या वर्षी कान 'सुधारलेला' दिसला असता आणि खरा बिघाड त्याखाली लपला असता.

१० जूनलाच उजव्या कानात मळ होता. तो काढला. पडदे दोन्ही शाबूत. १२ जूनची हवेमार्गे पातळी, डेसिबलमध्ये :

| हर्ट्झ | ५०० | १००० | २००० | ३००० | ४००० | ६००० | ८००० |
|---|---|---|---|---|---|---|---|
| उजवा | १५ | १५ | २० | २५ | ४० | ३५ | २० |
| डावा | १५ | १५ | २० | ३० | ४५ | ४० | २५ |

हाडामार्गे पातळी जवळपास तेवढीच, म्हणजे दोष मध्यकर्णाचा नाही. ५००, १००० आणि २००० ची सरासरी दोन्ही कानांत १६.७, म्हणून बोलणे व्यवस्थित ऐकू येते आणि उमेदवाराची स्वतःची काही तक्रार नाही. पण ४००० ला खड्डा आणि ८००० ला पुन्हा वर, ही आवाजाने कान जाण्याची नेहमीची सही आहे. वयाने कान जातो तेव्हा ८००० सर्वांत खाली असतो. इथे तसे नाही, आणि २७ व्या वर्षी तसे असण्याचे कारणही नाही.

गेलेले ऐकू परत येणार नाही. इथून पुढे जाऊ न देणे एवढेच हातात आहे. कंपनीने दिलेल्या मोजणीनुसार फेटलिंग बेंचवर आवाज ९५ डेसिबल आहे. विनासंरक्षण इतक्या आवाजात ४ तास ही मर्यादा, ८ तासांसाठी ९०. आठ तासांच्या पाळीत ती ओलांडली जाते, त्यामुळे इअर मफ ऐच्छिक नाही.

तुलनेसाठी २०००, ३००० आणि ४००० ची सरासरी नोंदवली : उजवा २८.३, डावा ३१.७. पुढच्या कोणत्याही चाचणीत एखाद्या कानात ही सरासरी १० डेसिबल किंवा अधिक वर गेली, तर शांततेनंतर पुन्हा चाचणी घ्यावी. फरक कायम राहिल्यास बेंच बदलावा.

फुप्फुस

यंत्र ३ लिटर सिरिंजने त्याच सकाळी तपासले, फरक ३ टक्क्यांच्या आत. बसवून, नाकाला क्लिप लावून पाच प्रयत्न. पहिला बाद : सुरुवातीलाच खोकला. दुसरा बाद : तीन सेकंदांत फुंकणे थांबवले. असे अर्धवट फुंकले की एफव्हीसी खोटी कमी येते, गुणोत्तर खोटे वाढते आणि बंदिस्त फुप्फुसाचे चित्र उभे राहते. तोंडी सूचना बदलली : "जोरात सोड, सोड, सोड, अजून आहे, सोड." मग तीन प्रयत्न ग्राह्य आले.

एफव्हीसी ३.४२ लिटर (अपेक्षित ३.६८, म्हणजे ९३ टक्के). एफईव्ही-१ २.७८ लिटर (अपेक्षित ३.१३, ८९ टक्के). गुणोत्तर ८१ टक्के. सर्वोत्तम दोन प्रयत्नांत एफव्हीसीचा फरक ६० मि.लि., एफईव्ही-१ चा ४० मि.लि.; मान्य मर्यादा १५० मि.लि. एफईएफ २५-७५ अपेक्षिताच्या ७० टक्के. बिडी पाहता ते थोडे खाली असणे आश्चर्याचे नाही, पण हा आकडा प्रयत्नागणिक हलतो, त्यावर एकट्यावर निदान करत नाही. ब्राँकोडायलेटर चाचणीची गरज नव्हती.

छातीचा पूर्ण आकाराचा एक्स-रे : आयएलओ वर्गवारीत ०/०. क्षयाचे डाग, गाठी नाहीत. एक्स-रे स्वच्छ म्हणून सिलिकाची बाधा नाहीच, असे मात्र वाचू नये. सिलिकोसिस सहसा दहा किंवा त्याहून जास्त वर्षांनी फोटोत दिसतो, धुळीचे प्रमाण फार असेल तर लवकर. सिलिकाने क्षयाची शक्यता वाढते, आणि इथे घरात क्षय होऊन गेला आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर ओपीडीच्या खोकल्याच्या औषधावर न ठेवता थुंकी तपासायची.

श्रेणी आणि अटी

आपल्याकडे चार श्रेणी आहेत : १ पात्र, २ अटींसह पात्र, ३ तूर्त अपात्र, ४ या कामासाठी अपात्र. उमेदवार श्रेणी २. श्रेणी ३ चा विचार केला होता, कारण नंबरचा सुरक्षा चष्मा हातात नाही. पण चष्मा यायला आठवडाभर लागतो, तेवढ्यासाठी माणसाला घरी बसवण्यात अर्थ नाही.

१. चष्मा हाती येईपर्यंत डिस्पॅच किंवा तपासणी टेबलावर काम. ग्राइंडिंग नाही.
२. बेंचवर पूर्ण वेळ इअर मफ. कापूस चालणार नाही.
३. आयएस ९४७३ चा एफएफपी-२ मास्क, घालून बसते का ते आरशासमोर तपासून. दाढी वाढलेली असेल तर मास्क बसत नाही, हे समजावले आहे. त्याने दाढी केली.
४. बेंचचे धूळ ओढणारे हूड चालू नसेल तर ग्राइंडिंग बंद. कास्टिंग आधी शॉट ब्लास्ट करून द्यावे. कोरड्या झाडूने झाडणे नाही, व्हॅक्यूम किंवा पाणी मारून.
५. श्रवणचाचणी तीन महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी, मग दरवर्षी. स्पायरोमेट्री दरवर्षी, याच यंत्रावर.

फाउंड्री ही कारखाना कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात धोकादायक प्रक्रियांमध्ये येते. कलम ४१-क प्रमाणे कामावर लावण्याआधी, काम चालू असताना १२ महिन्यांपेक्षा जास्त अंतर न ठेवता, आणि काम सोडल्यावरही तपासणी करावी लागते. ही नोंद पाहण्याचा हक्क कामगाराला आहे. या सारांशाची एक प्रत आणि ऑडिओग्राम उमेदवाराला हातात दिले, बिडी सोडण्याबद्दल बोलणे झाले, पुढच्या भेटीची तारीख १२ सप्टेंबर २०२४.

मनुष्यबळ विभागाकडे जाणारा मजकूर

वरील तपशील वैद्यकीय विभागात राहील. मनुष्यबळ विभागाला फक्त पुढील ओळी पाठवल्या आहेत :

"टोकन क्र. पी-११८, फेटलिंग विभाग : श्रेणी २, अटींसह पात्र. नंबरचा सुरक्षा चष्मा कंपनीने द्यावा. तो मिळेपर्यंत ग्राइंडिंग नको. कामावर इअर मफ व एफएफपी-२ मास्क बंधनकारक. बेंचवरील धूळ ओढणारे हूड चालू नसल्यास ग्राइंडिंग बंद ठेवावे. कास्टिंग आधी शॉट ब्लास्ट करून द्यावे. कोरडे झाडू नये. पुढील तपासणी १२ सप्टेंबर २०२४. निदान किंवा रिपोर्ट मागू नये, उमेदवाराच्या लेखी संमतीशिवाय दिले जाणार नाहीत. या अटींमुळे नेमणूक किंवा पगार कमी करण्याचे वैद्यकीय कारण नाही."

कारखाना वैद्यकीय अधिकारी, एमबीबीएस, एएफआयएच
१२ जून २०२४