ईराचा ताप आणि दूध : डॉक्टरांना दाखवायची वही

डॉक्टर, शनिवारी सकाळी साडेनऊला येतोय. तुमच्यासमोर बसले की मला निम्मं आठवत नाही, शिवाय ईरा रडत असेल, म्हणून लिहून आणलंय. वेळा घड्याळात बघून लिहिल्यात. जिथे अंदाज आहे तिथे तसं म्हटलंय.

ईरा. जन्म ३० एप्रिल २०२५, अक्षय्य तृतीयेचा. सिझेरियन, अडतीस आठवडे पूर्ण झालेले. जन्माचं वजन २ किलो ९००, बुधवारी केंद्रावर भरलं ६ किलो १००. फक्त अंगावरचं दूध. वरचं दूध, पाणी, मध काही नाही (पाण्याचं एकदा झालंय, खाली लिहिलंय). सध्या कराडला माहेरीच आहोत.

ताप सगळा काखेतला, डिजिटल थर्मामीटरने, बीप होईपर्यंत धरून. आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत.

आधी तिचं नेहमीचं. दिवसरात्र मिळून आठ-नऊ वेळा पिते. एका बाजूला दहा-बारा मिनिटं, मग ढेकर, मग मूड असला तर दुसरी बाजू. ओले लंगोट आठ-नऊ. शी पिवळी, पातळसर, दिवसातून तीन-चारदा. पिऊन झाल्यावर थोडी गुळणी टाकते, ती पहिल्यापासून.

बुधवार, ६ ऑगस्ट

सकाळी साडेअकराला आरोग्य केंद्रात साडेतीन महिन्यांचं लसीकरण. पेंटाव्हॅलंटचा तिसरा डोस डाव्या मांडीत, न्यूमोकोकलचा दुसरा उजव्या मांडीत, पोलिओची सुई उजव्या दंडावर, तोंडाने पोलिओ आणि रोटाचे थेंब. कार्ड सोबत आणलंय. सिस्टर म्हणाल्या, ताप येईल, पॅरासिटामॉल द्या, सुईच्या जागी चोळू नका.

दुपारी तीनला उठली ती किंचाळतच. डावी मांडी हलवली की रडायची. गार पाण्याची घडी ठेवली.

६.३० – ९९.४
८.१५ – १००.८. तुम्ही दीड महिन्याच्या लसीच्या वेळी चिठ्ठी दिली होती, पण तो डोस तेव्हाच्या वजनाचा. म्हणून तुमच्या दवाखान्यात फोन करून वजन सांगितलं. थेंबांचं (१ मिलीत १०० मिलिग्रॅमवालं) ०.८ मिली द्या म्हणाले. बाटलीतल्या ड्रॉपरने मोजून दिलं. घरात भाच्याचं सिरपही आहे, त्याचं माप वेगळं, म्हणून ती बाटली वरच्या फळीवर ठेवून दिलीय.
९.३० – ९९.२

दूध नेहमीसारखं, फक्त पिता पिता हुंदके. इथवर मला काही वावगं वाटलं नाही. ११ जूनला आणि ९ जुलैलाही असंच झालं होतं, दोन्ही वेळा दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ताप गेला होता.

गुरुवार, ७ ऑगस्ट

पहाटे ५ – १००.६, दुसरा डोस ०.८ मिली.
सकाळी ८ – ९८.९
दुपारी १ – ९९.३, औषध दिलं नाही.
संध्याकाळी ६ – ९८.४
झोपताना – ९८.६

दिवसभरात आठ वेळा प्यायली. ओले लंगोट आठ. मांडीवर सुपारीएवढी गाठ लागत होती, लाल नव्हती. संध्याकाळी भाच्याकडे बघून खिदळली. आईने मीठ-मोहरीने दृष्ट काढली, ताप त्यानेच गेला असं तिचं म्हणणं. मी वाद घातला नाही. धुरी मात्र करू दिली नाही, खोलीत धूर नको म्हणून सांगितलं.

डॉक्टर, हा गुरुवार नीट बघा. लसीचा ताप इथे संपला असं मला वाटतं. पुढे आला तो वेगळा असावा. घरात सगळे “लसीचाच आहे गं” म्हणतायत, मला पटत नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

सकाळी ७ वाजता बारा मिनिटं प्यायली. ९.४० ला दहा मिनिटं. ताप ९ वाजता ९८.८.

साडेअकरापासून किरकिर. मांडीवर घेतलं तरी, खांद्यावर घेतलं तरी. १२.१५ ला पाजायला घेतली, सहा मिनिटांत सोडून दिलं आणि मान मागे टाकून रडली. आई म्हणाली पोटात वारा धरलाय, घुटी उगाळू का. मी नको म्हटलं. मी आंघोळीला गेले होते तेव्हा आईने उकळून गार केलेलं पाणी एक चमचा पाजलं. तिने स्वतःहूनच सांगितलं, म्हणून इथे लिहितेय. अजून कशाला नाही म्हणून तिला बजावलंय. तुम्हीही एकदा सांगा, तुमचं ऐकेल.

२.४५ – १०१.४. हातपाय गार, पोट आणि डोकं गरम. डोस ०.८ मिली. एकच पातळ झबलं ठेवलं, टोपी-मोजे काढले. आई बाळंतिणीच्या खोलीत पंखा लावू देत नाही, पण आज लावू दिला.
३ – पाजलं, चार मिनिटं.
४.१५ – १००.२
५.३० – तोंडच लावेना. तोंडात दिलं की दोन घोट, मग हुंदका. छाती दगडासारखी झाली होती. हाताने काढून वाटी-चमच्याने पाजलं, साधारण २५ मिली गेलं.
७ – १०१

६.४० चा लंगोट वेगळा वाटला. शू थोडी, नेहमीपेक्षा गडद पिवळी, आणि वास उग्र. शूच्या आधी चेहरा लाल करून कण्हते आणि झाल्यावर लगेच गप्प होते. हे दुपारपासून तीनदा नक्की बघितलं. वहिनीलाही दाखवलं, म्हणजे माझ्या मनाचे खेळ नाहीत. जागा किंचित लालसर आहे, पण पुरळ नाही.

८ – पाच मिनिटं प्यायली, पाठोपाठ उलटी. गुळणी नव्हे, उलटीच. दुपट्यावर हातभर डाग पडला. दुधाचीच होती, हिरवी-पिवळी नाही, रक्त नाही.
९.१५ – १०२.३. आतापर्यंतचा सगळ्यात जास्त. डोस ०.८ मिली. आधीच्या डोसनंतर साडेसहा तास झाले होते. उलटी औषधाच्या आधीची आहे, औषध बाहेर पडलेलं नाही.

९.४० ला तुम्हाला फोन केला. तुम्ही सांगितलेलं तसंच्या तसं लिहून घेतलं आणि फ्रिजवर चिकटवलं : दूध पूर्ण सोडलं, उठवूनही नीट उठली नाही, श्वास जोरात चालला किंवा बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, झटका आला, ओठ निळसर दिसले, टाळू फुगली, किंवा सहा तास शू झाली नाही, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं. दादाने गाडीची किल्ली उशाशी ठेवली आणि वहिनीने पिशवी भरून ठेवली.

१०.४५ – १००.९. ताप उतरला की डोळे उघडून बघते, माझं बोट धरते. चढला की पुन्हा मलूल.
११ – सात मिनिटं, नंतर वाटीने ३० मिली. उलटी नाही.

शुक्रवारी सकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत ओले लंगोट पाच, त्यातले दुपारी तीननंतर दोनच. डायपर घातलाच नाही, नाहीतर मोजता येत नाही. शी तीनदा, नेहमीसारखी, आव नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

१२.३० – लंगोट ओला.
२ – १००.६. सव्वादोनला आठ मिनिटं प्यायली, दिवसापेक्षा बरी. अर्धवट झोपेत जास्त पिते असं दिसतंय, म्हणून अंधारातच पाजते.
४ – १०१.८. डोस ०.८ मिली. हा काल दुपारपासूनचा तिसरा आणि बुधवारपासूनचा पाचवा. पुढचा दहाच्या आधी देणार नाही, म्हणजे तुमच्याकडे येईपर्यंत नाहीच.
५.३० – १००
५.४५ – सहा मिनिटं, मग वाटीने २० मिली.
६.१० – लंगोट ओला, पण थोडाच. म्हणजे आधीच्या शूनंतर पाच तास चाळीस मिनिटं. त्या वेळात मी पिशवीकडेच बघत बसले होते. वास आहेच.
७.३० – १००.४. टाळू हाताला सपाट लागते, फुगलेली नाही, खोल गेलेली नाही. रडताना डोळ्यात पाणी येतं. जीभ ओली.

तुम्ही विचाराल म्हणून : खोकला नाही. नाक कोरडं, पिताना श्वास अडकत नाही. भाच्याला मंगळवारपासून सर्दी आहे, ईराला लांबून बघतो, पण घर लहान आहे, किती लांब ठेवणार. कान ओढत नाही. अंगावर पुरळ नाही. मांडीची गाठ आता हरभऱ्याएवढी, दाबली तरी रडत नाही. झटका नाही. मला स्वतःला ताप नाही, छातीत गाठ नाही, मी लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांशिवाय काही घेत नाही.

आणखी एक. सातव्या महिन्यातल्या माझ्या सोनोग्राफीत बाळाच्या उजव्या किडनीत थोडी सूज लिहिली होती. जन्मानंतर पुन्हा सोनोग्राफी केली, तेव्हा नॉर्मल म्हणाले. दोन्ही रिपोर्ट निळ्या फाइलमध्ये आहेत. रात्री तीनला आठवलं आणि मग झोप लागली नाही. संबंध असेल-नसेल ते तुम्ही ठरवा, पण बघितल्याशिवाय फाइल परत देऊ नका.

विचारायचं आहे ते : लघवी तपासायची असेल तर एवढ्या लहान मुलीची कशी घेतात? पिशवी चिकटवून घेतलेल्या लघवीत बाहेरचे जंतू मिसळतात असं वहिनीला तिच्या मुलाच्या वेळी सांगितलं होतं, नळीने घ्यावी लागेल का? घ्यायची तर घ्या, मी धरून बसेन. अँटिबायोटिक द्यायचं ठरलं तर लघवी आधी घेणार ना? ॲडमिट करावं लागलं तर मला तिच्याजवळ राहून पाजता येईल का? वाटी-चमच्याने पाजून अंगावरची सवय मोडणार नाही ना? आणि थेंबांचा डोस ६ किलो १०० ला ०.८ च ठेवायचा का?

निखिल पुण्याहून पहाटेच्या एसटीने निघालाय, अकरापर्यंत पोचेल. तोवर सोबत दादा आहे. आज राखीपौर्णिमा आहे, तुमचा दवाखाना एकपर्यंतच, म्हणून रक्ताची, लघवीची जी काही तपासणी लिहाल ती आधी लिहा. लॅब लवकर बंद होईल, दादा लगेच घेऊन जाईल.

८.५० – १०१. निघतोय. आत्ता शू झाली, तो लंगोट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणलाय, वास तुम्हालाच बघता येईल.