प्राचीन साम्राज्ये: पहिले व्याख्यान

बसा. मागच्या बाकांवरच्यांनी पुढे या, फळ्यावर आकडेमोड करायची आहे.

अभ्यासक्रमाची पुस्तिका तुमच्या हातात आहे. प्रत्येक साम्राज्याखाली तेच पाच मथळे दिसतील: राजकीय घडामोडी, प्रशासन, अर्थव्यवस्था, धर्म, कला. धर्म चौथा. म्हणजे तो दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात घाईघाईने उरकला जातो आणि परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप येते. पुस्तिका मी बदलू शकत नाही, शिकवण्याचा क्रम बदलू शकतो. या वर्षी आपण धर्म वेगळा शिकणार नाही. का, ते आज सांगतो.

सुरुवात नाशिकच्या पांडवलेण्यांपासून करू. बरेच जण सहलीत जाऊन आला असाल, पायऱ्या मोजल्या असतील, फोटो काढले असतील. भिंतींवरची अक्षरं फारसं कुणी पाहत नाही. दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. उषवदात हा क्षहरात या शक घराण्यातल्या क्षत्रपाचा, म्हणजे प्रांताधिपती नहपानाचा, जावई. त्याने लेणं कोरवलं आणि भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण नाण्यांचा अक्षयनिधी ठेवला. निधी विहाराच्या पेटीत ठेवला नाही, गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, व्याजाने दिला. एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा १ दराने. आता करा हिशेब. महिन्याला २०, वर्षाला २४०. पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी १२ कार्षापण. वीस बारे दोनशे चाळीस, पै न पैचा मेळ बसतो. उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण दराने, भिक्षूंच्या इतर किरकोळ गरजांसाठी. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज घ्यायचं. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे गावच्या व्यापाऱ्यांच्या सभेत, जाहीर करून दप्तरी नोंदवला, असंही लेख सांगतो.

आता हा लेख कुठल्या मथळ्याखाली घालाल? दान आहे म्हणून धर्म? व्याजदर आहे म्हणून अर्थव्यवस्था? की परका सत्ताधारी स्थानिक विणकर, व्यापारी आणि भिक्षू यांना एका बंधनात गोवतो आहे म्हणून राजकारण? ज्याने तो कोरवला त्याच्यासमोर हा प्रश्नच नव्हता. याच उषवदाताच्या लेखात ब्राह्मणांना दिलेली गावं आणि तीन लाख गायींचं दानही आहे. गायींचा आकडा शब्दशः घ्यायचा की नाही, ते नंतर पाहू.

मग सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी येतो. नहपानाचा पाडाव होतो. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, आणि त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला. जुनं नाणं वितळवलं नाही, त्यावरच नवा शिक्का उठवला. हे सगळ्या पाठ्यपुस्तकांत असतं. पण तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत गौतमीपुत्राच्या अठराव्या राज्यवर्षाचा आदेश आहे, तो नाण्यांच्या शेजारी ठेवून वाचला पाहिजे. आदेश सैन्याच्या विजयी छावणीतून निघाला आहे, गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याच्या नावाने. म्हणजे लढाईची धूळ अजून खाली बसायची आहे, आणि राजा काय लिहितो? काखडी गावातलं उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं मापाचं शेत आम्ही या भिक्षूंना दिलं आहे. पुढे सवलती येतात: त्या शेतात राजपुरुषांनी शिरायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही, जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी कारभार चालवायचा नाही. सातबाऱ्यावर फेरफार व्हावा तसा दात्याचा रकाना बदलला.

मला ही मिठाची अट फार आवडते. मिठासाठी जमीन खणण्याचा हक्क राजाचा आहे, हे आपल्याला कुठून कळतं? तो हक्क भिक्षूंच्या शेतापुरता सोडून दिला, त्यातून. राज्याला एरवी काय काय घेता येत होतं त्याची यादी दानाच्या लेखात दडलेली असते. धर्माच्या प्रकरणात टाकून हे लेख बाजूला सारले, तर सातवाहनांच्या महसुलाबद्दल बोलायला आपल्याकडे फारच थोडं उरतं.

त्याच ओसरीत गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षातला. मुलाचं वर्णन करताना ती म्हणते की त्याने क्षहरातांचा निर्वंश केला, क्षत्रियांचा गर्व मोडला, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला. त्याला ‘एकब्राह्मण’, म्हणजे अद्वितीय ब्राह्मण, म्हणते. आणि हे सगळं बौद्ध भिक्षूंना लेणं देताना, त्यांच्याच भिंतीवर! दरवर्षी कुणीतरी उत्तरपत्रिकेत लिहितो, ‘यावरून सातवाहनांची धार्मिक सहिष्णुता दिसते.’ मी त्याला गुण कापतो. सहिष्णुता म्हटलं की आपण गृहीत धरतो, राजाचा एक खासगी धर्म होता आणि मोठ्या मनाने तो दुसरा चालवून घेत होता. भिंतीवर तसं काही नाही. तिथे यज्ञ, वर्ण, विहार, शत्रूचा नाश, घराण्याचं यश हे सगळं मिळून राजेपण बनतं.

याच्या उलटं उत्तरही येतं, आणि ते लिहिणारे स्वतःला जरा हुशार समजतात: ‘राजांनी राजकारणासाठी धर्माचा वापर केला.’ ही चूक तीच आहे, फक्त चेहरा निराळा. वापरणारा बाहेर उभा असावा लागतो. बाहेर कोण होतं?

रोमचं उदाहरण घ्या. इ.स.पू. ५९ साली सीझर कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठी निवडलेल्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, होता. त्याचा सहकारी बिब्युलस विरोधात. सभेत हरल्यावर बिब्युलस घरी बसला आणि आपण आकाशातले शकुन पाहतो आहोत असं रोज जाहीर करत राहिला. शकुन पाहणं चालू असताना सभेचं कामकाज वैध धरलं जात नसे. सीझरने कायदे रेटून नेले, पण ते वैध की अवैध हा वाद नंतरही धुमसत राहिला. आणि हा सीझर त्या वेळी रोमचा मुख्य पुरोहितही होता, निवडणूक लढवून झालेला. ही ढोंगबाजी होती का, असं विचारलंत तर मी म्हणेन, थोडी असेलही. पण ढोंगाला दात तेव्हाच असतात जेव्हा नियम सगळ्यांना मान्य असतो.

बाबिलोनमध्ये इ.स.पू. ५३९ नंतर सायरसचा दंडगोल लेख सांगतो की मार्दुक देवाने देशोदेशी धुंडाळून या इराणी राजाला हाताला धरून आणलं, कारण आधीच्या नबोनिदसवर तो रुष्ट होता. नबोनिदसने शहराशहरांतून उचलून आणलेल्या मूर्ती सायरसने परत पाठवल्या. तिथली देवळं म्हणजे नुसती पूजास्थानं नव्हती, त्यांच्या जमिनी होत्या, कोठारं होती, मजूर होते. देव परत जातो तेव्हा गावाचा कारभारही परत उभा राहतो. हे पुढच्या महिन्यात सविस्तर घेऊ.

एक सूचना. दरवर्षी कुणीतरी विचारतं, मग आजच्या राजकारणाबद्दल तुमचं काय मत? आजच्या राज्याला स्वतःचं संविधान आहे आणि वेगळे प्रश्न आहेत. सातवाहनांना त्या भांडणात साक्षीला बोलावू नका, चहाच्या टपरीवर बोलावलंत तर माझा इलाज नाही.

पुढच्या मंगळवारसाठी काम. गौतमीपुत्राच्या चोविसाव्या वर्षाचा आदेश वाचून या, छापील प्रती विभागाच्या कपाटात आहेत. त्यात राजा आणि राजमाता कळवतात की काखडीचं दिलेलं शेत कसलं जात नाही, गावही वसलेलं नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून १०० निवर्तनं द्यावीत. अवघ्या सहा वर्षांत शेत पडीक का? कसणारे कुठे गेले, सवलती मिळूनही कुणी का आलं नाही, आणि २०० च्या जागी १०० च का? लेखात उत्तर नाही. प्रत्येकाने एक पानभर आपला तर्क लिहून आणायचा, आधार लेखातल्याच शब्दांचा हवा. पान एकच, दोन आणलीत तर दुसरं मी वाचणार नाही.