प्रपोजलसाठी टाइमलाइन टेबल (गँट चार्टवरून), सेक्शन ५

मॅडम, एक्सेलमधल्या गँटवरून टेबल केलंय, ग्रंथालयाच्या कॅटलॉगचं. चार्टचा फोटो तसाच चिकटवला असता तर ए४ वर काहीच वाचता आलं नसतं, आणि क्लायंटला आपले पट्टे नकोच असतात, त्यांना कधी काय हातात पडणार एवढंच बघायचं असतं. म्हणून आतली छोटी कामं (सर्व्हर लावणं, कोड रिव्ह्यू, आपल्या मीटिंगा) सगळी मोठ्या टप्प्यात गुंडाळली.

वर्क ऑर्डर कधी येईल माहीत नाही त्यामुळे तारखा काढून टाकल्यात, आठवडा १ म्हणजे वर्क ऑर्डरनंतरच्या पहिल्या सोमवारपासूनचा आठवडा.

| आठवडे | टप्पा | माइलस्टोन | डिलिव्हरेबल | आधी काय हवं |
|---|---|---|---|---|
| १–२ | गरजा समजून घेणं | एम१: गरजांवर सही | गरजांचं डॉक्युमेंट | वर्क ऑर्डर, जुन्या डेटाची कॉपी |
| ३–४ | डिझाइन | एम२: डिझाइन मंजूर | स्क्रीनचे नमुने, फील्ड मॅपिंग शीट | एम१ |
| ५–९ | डेटा साफसफाई | एम३: ट्रायल लोड (आठवडा ८ अखेर) | एका शाखेच्या नोंदी लोड करून एरर रिपोर्ट | एम२ |
| ५–१० | डेव्हलपमेंट | एम४: टेस्ट सर्व्हरवर पूर्ण सिस्टीम | चालू सिस्टीम, टेस्ट रिपोर्ट | एम२; एम४ आधी साफ डेटा |
| ११–१३ | यूएटी आणि दुरुस्त्या | एम५: यूएटीवर सही | दुरुस्त्यांची यादी, यूझर मॅन्युअल | एम४, क्लायंटचे टेस्टर |
| १४ | ट्रेनिंग, गो-लाइव्ह | एम६: सिस्टीम लाइव्ह | ट्रेनिंगची हजेरी, लाइव्ह सिस्टीम | एम५ |
| १५–१८ | सपोर्ट | एम७: हँडओव्हर | सोर्स कोड, बॅकअपची पद्धत, अंतिम रिपोर्ट | एम६ |

टेबलाखाली हे टाका:

"प्रत्येक डिलिव्हरेबल तपासायला क्लायंटला कामकाजाचे ५ दिवस धरले आहेत आणि ते वरच्या आठवड्यांतच आहेत. मंजुरीला त्याहून उशीर झाला तर पुढचे टप्पे तेवढेच सरकतील."

ही ओळ काढू नका प्लीज, सहीच्या फायली कुठे अडकतात ते आपल्याला माहितीय. कोणतं काम कशावर अवलंबून आहे ते गँटमध्ये बाण बघून कळतं पण टेबलमध्ये बाण नसतात, म्हणूनच शेवटचा कॉलम ठेवलाय, तो नसेल तर ५ ते १० मध्ये एकाच वेळी चालू असलेली दोन कामं कशावर अडतात हेही कुणाच्या लक्षात येणार नाही.

साफसफाईला एक आठवडा मोकळीक आहे, ९ ऐवजी १० ला संपली तरी एम४ हलत नाही, पण हे प्रपोजलमध्ये लिहायचं नाही, आपल्यातच राहू दे. डेव्हलपमेंट, यूएटी आणि गो-लाइव्हला मात्र अजिबात मोकळीक नाही, तिथे एक आठवडा गेला की शेवटही एक आठवडा पुढे.

"टेस्टिंग पूर्ण" असा वेगळा माइलस्टोन चार्टमध्ये होता तो उडवला, पूर्ण झालं हे ठरवणार कोण? आता प्रत्येक ओळीत सही नाहीतर दाखवता येईल असा कागद आहे.

आणि पेमेंटच्या सेक्शनमध्ये अजून "महिना २", "महिना ३" लिहिलंय, ते एम२, एम४, एम६ असं करून घ्या, म्हणजे दोन्ही सेक्शन जुळतील.