दैनिक सारांश: शनिवार, १७ जानेवारी २०२६ (गणपतीपुळे, १४ खोल्या)

विक्रीयोग्य खोल्या १३ (२०४ बंद, गिझर नादुरुस्त). भरलेल्या १०. भरणा ७६.९%.
खोलीभाडे ₹१९,२००, जीएसटी व जेवण वगळून. सरासरी दर ₹१,९२०. उपलब्ध खोलीमागे ₹१,४७७.

२०४ च्या पाहुण्यांना १०५ या एसी खोलीत ₹१,५०० या साध्या दरानेच ठेवले. ₹७०० कमी आले. पूर्ण ₹२,२०० मिळते तर सरासरी ₹१,९९० झाली असती. गिझर आजच बघावा.

एक बुकिंग आलेच नाही. जप्त आगाऊ रक्कम ₹५०० ‘इतर जमा’त धरली आहे, सरासरीत नाही.

रविवार: ७ चेकआउट, २ नवे, रात्री ५ खोल्या. २०४ सुरू होईपर्यंत ऑनलाइन बंदच ठेवावी, नाहीतर जादा बुकिंग होईल.