सराव तोंडी परीक्षा: सॉफ्टवेअरची पेटंटयोग्यता आणि इन्व्हेंटिव्ह स्टेप

एलएल.एम. द्वितीय वर्ष, बौद्धिक संपदा कायदा. स्थळ: कोल्हापुरातील एका विधि महाविद्यालयाचा ग्रंथालयालगतचा वर्ग. गुण २५. परीक्षक म्हणून विषयाच्या प्राध्यापिका, म्हणजे मॅडम, आणि बाहेरून आलेले, पेटंट एजंटचे काम करणारे वकील, म्हणजे सर, उपस्थित होते. ही नोंद परीक्षार्थी क्रमांक ४ ची असून ती क्रमांक ५ ने, म्हणजे मी, वर्गाच्या मागच्या बाकावर बसून घेतली आहे.

परीक्षार्थीला दहा मिनिटे आधी दिलेले काल्पनिक प्रकरण असे होते. करवीर तालुक्यातील एका अभियंत्याने गुऱ्हाळासाठी यंत्रणा तयार केली आहे. काहिलीवर लावलेला कॅमेरा उकळत्या पाकावरील बुडबुड्यांचा आकार आणि ते फुटण्यास लागणारा वेळ टिपतो, एक तापमापक पाकाचे तापमान देतो, आणि प्रोग्रॅम या दोन्हींवरून गूळ उतरवण्याची वेळ ठरवून चुलवाणाला हवा देणारा पंखा आपोआप बंद करतो. पूर्वज्ञान, म्हणजे शोधाआधीच उपलब्ध असलेली माहिती, म्हणून दोन दस्तऐवज दिले होते. पहिल्यात काहिलीतील तापमान ठरावीक अंशाला पोहोचताच घंटा वाजवणारे साधन होते, तर दुसऱ्यात साखर कारखान्याच्या बंद पॅनमध्ये ढवळणीच्या मोटरला लागणाऱ्या विद्युतप्रवाहावरून पाकाचा घट्टपणा ओळखणारी यंत्रणा होती.

मॅडम: सुरुवात मूळ तरतुदीपासून करा. सॉफ्टवेअरला भारतात पेटंट मिळते का?

परीक्षार्थी: नाही, मॅडम. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३(के) नुसार संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही.

मॅडम: कलमातला एक शब्द तुम्ही गाळलात. तो गाळला तर अर्धा विषयच गळून पडतो.

परीक्षार्थी: माफ करा. कलमात 'संगणक प्रोग्रॅम पर से', म्हणजे निव्वळ प्रोग्रॅम म्हणून प्रोग्रॅम, असे शब्द आहेत. गणितीय पद्धत, व्यवसाय पद्धत, संगणक प्रोग्रॅम पर से आणि अल्गोरिदम या चार गोष्टी शोध मानल्या जात नाहीत, आणि 'पर से' हे शब्द त्यांपैकी फक्त प्रोग्रॅमला लागलेले आहेत. हे उपकलम २००२ च्या दुरुस्तीने आले आणि मे २००३ पासून लागू झाले. संयुक्त संसदीय समितीने आपल्या अहवालात असे स्पष्ट केले होते की, प्रोग्रॅमसोबत त्याला पूरक किंवा त्यावर उभारलेल्या इतर गोष्टी असू शकतात, आणि त्या शोध ठरत असतील तर केवळ प्रोग्रॅम आहे म्हणून त्यांना नाकारण्याचा हेतू नाही.

सर: मग २००४ मध्ये सरकारला वटहुकूम काढून ही तरतूद बदलावीशी का वाटली?

परीक्षार्थी: त्या वटहुकुमाने उद्योगातील तांत्रिक उपयोजन आणि हार्डवेअरसोबतची जोडणी या दोन गोष्टी मनाईतून बाहेर काढल्या होत्या. २००५ च्या दुरुस्ती कायद्यात संसदेने ते शब्द स्वीकारले नाहीत आणि जुनी शब्दरचना कायम राहिली.

सर: त्यावरून पेटंट कार्यालयाचा वकील म्हणेल की, तांत्रिक उपयोजनाचा अपवाद संसदेने जाणूनबुजून फेटाळला, तेव्हा तो न्यायालयाने मागच्या दाराने आत आणू नये. उत्तर द्या.

येथे परीक्षार्थी बराच वेळ थांबला. सरांनी घड्याळाकडे पाहिले नाही, हे नोंदवण्यासारखे आहे.

परीक्षार्थी: मी असे म्हणेन की, संसदेने नवा अपवाद नाकारला असला तरी 'पर से' हे शब्द काढून टाकले नाहीत, आणि कायद्यातील कोणताही शब्द निरर्थक मानता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अल्लानी प्रकरणात १२ डिसेंबर २०१९ रोजी हाच अर्थ घेतला. प्रोग्रॅमवर आधारलेला शोध तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दाखवत असेल, तर तो प्रोग्रॅम आहे एवढ्याच कारणाने तो नाकारता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

सर: नवे हार्डवेअर लागते का?

परीक्षार्थी: फेब्रुवारी २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी अट होती. जून २०१७ च्या तत्त्वांत ती राहिली नाही.

मॅडम: हाच अभियंता ऊसतोडीच्या टोळ्यांना पाळी देणारा, म्हणजे कोणाचा ऊस आधी तोडायचा आणि त्याचे बिल कधी काढायचे हे ठरवणारा प्रोग्रॅम घेऊन आला, तर?

परीक्षार्थी: ती व्यवसाय पद्धत आहे. तेथे 'पर से' चा आधार नाही, त्यामुळे सर्व्हर कितीही वेगवान असला तरी अडथळा टळत नाही. प्रोग्रॅमच्या लिखाणाला कॉपीराइट मात्र मिळेल, कारण १९५७ च्या कायद्यात साहित्यकृतीच्या व्याख्येत संगणक प्रोग्रॅम येतो.

मॅडम: ठीक. आता गुऱ्हाळाकडे या. आपण कलम ३(के) चा उंबरठा ओलांडला असे धरू. म्हणजे पेटंट मिळाले?

परीक्षार्थी: नाही. कलम २(१)(जे) नुसार नावीन्य, इन्व्हेंटिव्ह स्टेप आणि औद्योगिक उपयोग या तिन्ही कसोट्या स्वतंत्रपणे पार कराव्या लागतात. इन्व्हेंटिव्ह स्टेपची व्याख्या कलम २(१)(जेए) मध्ये आहे. अस्तित्वातील ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व असायला हवे. या यंत्रणेमुळे गूळ करपून ढेपा वाया जाण्याचे प्रमाण कमी होईल, म्हणून आर्थिक महत्त्व आहे आणि इन्व्हेंटिव्ह स्टेप सिद्ध होते.

सर: व्याख्या पूर्ण वाचा.

परीक्षार्थी: ...'आणि' त्या वैशिष्ट्यामुळे शोध त्या शाखेतील कुशल व्यक्तीला उघड वाटता कामा नये. म्हणजे प्रगती आणि आर्थिक महत्त्व यांच्यामध्ये 'किंवा' आहे, पण उघड नसण्याची अट 'आणि' ने जोडलेली आहे. केवळ पैसे वाचतात, एवढ्यावर भागत नाही.

सर: या एका 'आणि' वर दरवर्षी निम्मी मुले घसरतात. सर्वोच्च न्यायालयाचा आधार कोणता?

परीक्षार्थी: बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज, निकाल डिसेंबर १९७८ चा. लेथवर भांडी फिरवताना ती धरून ठेवण्याच्या साधनाचे पेटंट होते. कार्यशाळेतील साध्या सुधारणेपलीकडे काही नसेल तर ते पेटंटयोग्य नाही, असे ठरले. निकाल १९११ च्या जुन्या कायद्याखालचा असला तरी तत्त्व आजही वापरले जाते.

सर: शिरोलीच्या कोणत्याही वर्कशॉपमधला टर्नर ज्या गोष्टी गरज पडली की करून टाकतो, त्यांना पेटंट नाही, इतके सरळ आहे ते. आता आपल्या प्रकरणात ती कुशल व्यक्ती कोण? गुळव्या की अभियंता?

परीक्षार्थी: अभियंता. प्रक्रिया नियंत्रणातला.

सर: त्याला काहिलीतले काही कळते का?

परीक्षार्थी: नाही, म्हणजे... एकच व्यक्ती पुरणार नाही. नियंत्रण अभियंता आणि गुळव्या यांचे मिळून ज्ञान असलेला गट, असे धरावे लागेल. रोश विरुद्ध सिप्ला प्रकरणात २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यातली पहिलीच पायरी कुशल व्यक्ती निश्चित करण्याची आहे. नंतर शोधाची मूळ कल्पना, मग त्या दिवशीचे सामान्य ज्ञान, मग पूर्वज्ञानाशी असलेले फरक आणि शेवटी ते फरक उघड होते का, हे पाहायचे.

सर: तर लावा. फरक सांगा.

परीक्षार्थी: पहिल्या दस्तऐवजात फक्त तापमान आहे. दुसऱ्यात मोटरचा प्रवाह आहे, आणि उघड्या काहिलीला मोटरची ढवळणी नसते, तेथे माणूस फावड्याने हलवतो. त्यामुळे दुसऱ्यातला उपाय पहिल्याला जोडताच येत नाही. बुडबुडे पाहण्याची सूचना दोन्हींमध्ये कोठेही नाही. म्हणून शोध उघड नाही.

मॅडम: तुम्ही कधी गुऱ्हाळावर गेला आहात का?

परीक्षार्थी: लहानपणी, मॅडम. रस प्यायला.

मॅडम: गुळव्या काय बघतो? रसावरची मळी काढून झाल्यावर तो काहिलीच्या कडेला उभा राहतो, बुडबुडे मोठे आणि जड होऊन सावकाश फुटू लागले की सावध होतो, थोडा पाक पाण्यात टाकून गोळी होते का ते बोटांनी पाहतो आणि जाळ ओढायला सांगतो. तुमच्या कुशल गटात तुम्हीच त्याला बसवलेत. मग बुडबुडे पाहणे हे त्याचे सामान्य ज्ञान नाही का?

पुन्हा शांतता. या प्रश्नानंतर मी स्वतःच्या प्रकरणाच्या कागदावर 'सामान्य ज्ञान कोणाचे?' असे लिहून घेतले.

परीक्षार्थी: आहे. डोळ्याच्या जागी कॅमेरा आणि अनुभवाच्या जागी प्रोग्रॅम, एवढाच फरक असेल तर माझा पहिला युक्तिवाद टिकत नाही. उलट कलम ३(पी) खाली पारंपरिक ज्ञानाचा आक्षेपही येईल.

सर: हार मानायची घाई करू नका, प्रकरणासोबत दिलेले शोधाचे वर्णन परत वाचा. तिसरा परिच्छेद.

परीक्षार्थी: 'काहिलीतून उठणाऱ्या वाफेमुळे चित्र अस्पष्ट झाल्यास प्रोग्रॅम मागील सर्वांत स्पष्ट चित्र आणि त्यानंतरच्या तापमानवाढीचा वेग यांवरून बुडबुड्यांची अवस्था अनुमानित करतो, आणि पंखा बंद केल्यावरही चुलवाणाच्या भिंतीत राहणारी उष्णता हिशेबात धरून पंखा तेवढा आधी बंद करतो.' सर, उष्णता आधीच धरणे हे गुळव्याही करत असेल. पण वाफेमुळे कॅमेरा आंधळा होणे ही गुळव्याची अडचण नाही. तो बाजूला सरकतो, फुंकर मारतो. ही अडचण यंत्राची आहे, आणि ती दोन वेगळ्या मापनांना एकमेकांची जागा घेऊ देऊन सोडवली आहे. दोन्ही दस्तऐवज एकाच मापनावर चालतात. तेव्हा तांत्रिक प्रश्न आणि उत्तर दोन्ही येथे आहेत.

सर: हे सगळे पहिल्या क्लेममध्ये, म्हणजे अर्जात नेमके कशावर हक्क मागितला ते सांगणाऱ्या पहिल्या वाक्यात, आहे का?

परीक्षार्थी: नाही. पहिल्या क्लेममध्ये फक्त 'चित्रावरून पाकाची अवस्था ठरवणे' एवढेच आहे. पंखासुद्धा नाही.

सर: म्हणजे तो क्लेम दोन्ही बाजूंनी अडकतो. पंखा नसल्यामुळे तो नुसत्या अनुमानाचा अल्गोरिदम दिसतो, आणि वाफेचा उपाय नसल्यामुळे तो गुळव्याच्या डोळ्याची नक्कल ठरतो. दुरुस्त करून सांगा.

परीक्षार्थी: 'काहिलीतील पाक तापवण्याच्या नियंत्रणाची पद्धत, ज्यात बुडबुड्यांचे चित्र आणि पाकाचे तापमान घेतले जाते, चित्राची स्पष्टता ठरावीक मर्यादेखाली गेल्यास शेवटच्या स्पष्ट चित्रानंतरच्या तापमानवाढीवरून अवस्था अनुमानित केली जाते, आणि चुलवाणातील शिल्लक उष्णतेनुसार ठरवलेल्या क्षणी हवेचा पंखा बंद केला जातो.'

मॅडम: परीक्षण अधिकारी तरीही एका ओळीत 'कुशल व्यक्तीस उघड' असे लिहून अर्ज फेटाळील. तेव्हा?

परीक्षार्थी: ॲग्रीबोर्ड प्रकरणात २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले आहे की, पूर्वज्ञान काय, शोध काय आणि एकावरून दुसरे उघड कसे, या तिन्हींची चर्चा आदेशात हवी. ती नसेल तर कलम ११७ए खाली अपील करता येईल. २०२१ मध्ये अपील मंडळ रद्द झाल्यापासून ते उच्च न्यायालयात जाते.

गुण: २५ पैकी १७. मॅडमनी कारण सांगितले की, तरतुदी आणि निकाल नीट होते, पण दोन गुण 'आणि' वर आणि तीन गुण बुडबुड्यांवर गेले, कारण सामान्य ज्ञान म्हणजे छापील कागद असे परीक्षार्थीने गृहीत धरले होते. उरलेले गुण का कापले ते सांगितले नाही. सरांनी दुरुस्त क्लेम परवापर्यंत हाताने लिहून आणायला सांगितला आणि 'मर्यादा' किती हे वर्णनात दिले आहे का तेही तपासायला सांगितले.

त्यानंतर क्रमांक ५ पुकारला गेला, म्हणून नोंद येथे थांबवते.