नव्या पट्टा-सीलिंग यंत्राच्या अनावरणाचे नियोजन

सर्व सहकाऱ्यांस,

टेबलावर ठेवण्याजोगे आपले पट्टा-सीलिंग यंत्र पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी दुपारी ग्राहकांसमोर आणायचे, हे ठरले आहे. पाहुणे, प्रात्यक्षिकाची वेळ, पत्रकारांचे निमंत्रण आणि नंतरचा पाठपुरावा यांविषयीचे निर्णय पुढे लिहीत आहे. हरकत असल्यास ती या सोमवारपर्यंत लेखी कळवावी, कारण मंगळवारी निमंत्रणे निघतील.

मागच्या वेळी हातदाबाचे यंत्र आणताना आपण सगळ्यांना एकाच वेळी बोलावले होते. भाषणे लांबली, यंत्र पुढच्या दोन रांगांनाच दिसले आणि नोंदवहीतील नावे टंकित होऊन विक्री विभागाच्या हाती पडेपर्यंत बारा दिवस उलटले. फोन केले तेव्हा काही जणांनी दुसरीकडे खरेदी केलेली होती. म्हणून या वेळी सगळी आखणी एकाच गोष्टीभोवती केली आहे: आलेल्या प्रत्येक खरेदीदाराने आपल्या हाताने, शक्यतो स्वतःच्याच मालाचे पाकीट बंद करून पाहिले पाहिजे. पाहुण्यांची संख्याही त्यावरूनच ठरली आहे. सभागृहात किती खुर्च्या मावतात याचा विचार मी केलेला नाही.

हिशेब असा आहे. आपल्याकडे प्रात्यक्षिकासाठी तीन यंत्रे आहेत आणि एका यंत्राभोवती पाचांहून अधिक माणसांना नीट दिसत नाही. म्हणजे एका तुकडीत १५ पाहुणे आणि तीन तुकड्यांत ४५. बोलावलेले सगळेच येत नाहीत, म्हणून प्रत्येक तुकडीसाठी २० अशी ६० निमंत्रणे द्यावीत. पंधरा जणांचा होकार आल्यावर पुढच्या होकारांना मोकळी असलेली तुकडी सुचवावी. तिन्ही तुकड्या भरल्या तर उरलेल्यांना शुक्रवारी सकाळी कार्यशाळेत स्वतंत्रपणे बोलवावे, पण त्यांना गर्दीत उभे करू नये.

या ६० जणांत आपले जुने यंत्र वापरणारे १८ ग्राहक, गेल्या वर्षभरात चौकशी करून गेलेले पण खरेदी न केलेले ३२ लघुउत्पादक आणि १० वितरक असतील. प्रत्येक तुकडीत या तिन्ही प्रकारचे लोक मिसळावेत. नवा माणूस आपल्या सांगण्यापेक्षा शेजारी उभ्या असलेल्या जुन्या ग्राहकाच्या अनुभवावर अधिक विश्वास ठेवतो, आणि तो ठेवणे योग्यच आहे. आप्तेष्ट आणि हितचिंतक यांच्यासाठी शनिवारची संध्याकाळ राखून ठेवली आहे. त्यांच्याविषयीचा जिव्हाळा तसूभरही कमी नाही, परंतु गुरुवारची प्रत्येक जागा यंत्र वापरणाऱ्याची आहे.

खरेदीदारांना पाठवायचा मजकूर असा राहील:

“सप्रेम नमस्कार. आपल्या कामाच्या पाकिटांसाठी आम्ही टेबलावर मावणारे, सलग चालणारे सीलिंग यंत्र तयार केले आहे. गुरुवारी आमच्या कार्यशाळेत त्याचे प्रात्यक्षिक होणार असून आपल्यासाठी दुपारी ४ वाजताची तुकडी राखून ठेवली आहे. कार्यक्रम ४५ मिनिटांचा आहे. येताना आपण नेहमी वापरता ती रिकामी पाकिटे दहा आणि थोडा माल आणावा. ती पाकिटे आपण स्वतः यंत्रावर बंद करून पाहाल. ही वेळ सोयीची नसल्यास ४.४५ किंवा ५.३० ची तुकडी कळवावी. आपल्या होकाराची सोमवारपर्यंत वाट पाहत आहोत. आपला नम्र, व्यवस्थापकीय भागीदार.”

ज्यांना दुसरी तुकडी द्यायची आहे त्यांच्या पत्रात वेळ बदलावी. बाकी मजकूर तसाच ठेवावा.

आता प्रात्यक्षिकाविषयी. सगळ्यात बारकाईने सांभाळायची गोष्ट हीच आहे. कमी घनतेचे पॉलिथिन साधारण ११० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, तर पॉलिप्रॉपिलीनला सुमारे १६० अंश लागतात. पाकीट पट्ट्यांमधून क्षणभरच जात असल्याने यंत्रावरचा आकडा याहून वर ठेवावा लागतो, हे आपण जाणतोच. अडचण पुढे आहे: तापणारे ठोकळे वर चढायला थोडा वेळ घेतात, पण खाली यायला त्याहून बराच अधिक. पहिल्या तुकडीला पॉलिप्रॉपिलीन दाखवून दुसऱ्या तुकडीसमोर त्याच यंत्रावर पॉलिथिनचे पाकीट घातले, तर ते आकसेल किंवा पट्ट्याला चिकटेल, आणि दोष यंत्राच्या माथी बसेल. म्हणून पहिली दोन यंत्रे दिवसभर पॉलिथिनसाठी आणि तिसरे पॉलिप्रॉपिलीनसाठी लावलेले राहील. आकडा बदलून दाखवण्याची मागणी आली, तर ती फक्त शेवटच्या तुकडीत आणि खालून वर याच दिशेने पूर्ण करावी.

यंत्रे दुपारी २ वाजता सुरू होतील. तापायला १२ मिनिटे पुरतात, तरी उरलेला वेळ प्रत्येक जाडीच्या पाकिटाची चाचणी घेण्यासाठी लागणार आहे. तीन यंत्रांचा मिळून भार १,९५० वॅट आहे. त्याच तारेवर ध्वनिक्षेपक किंवा दिवे जोडू नयेत. टेफ्लॉनचे पट्टे आदल्या दिवशी नवे घालावेत आणि प्रत्येक यंत्राशेजारी एक जास्तीची जोडी ठेवावी.

३ ते ३.४५ ही वेळ पत्रकारांची. त्यानंतर ४, ४.४५ आणि ५.३० अशा खरेदीदारांच्या तुकड्या होतील. प्रत्येक तुकडीत पाच मिनिटे स्वागत आणि ओळख, मग पाच-पाच जणांचे गट तीन यंत्रांवर आठ-आठ मिनिटे फिरतील, आणि उरलेली १६ मिनिटे टेबलावर बसून वैयक्तिक बोलण्यासाठी असतील. स्वागत मी करीन आणि पाच मिनिटांत थांबेन. घड्याळ पाहण्याची जबाबदारी मी आजच भांडार सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांकडे सोपवत आहे.

प्रत्येक यंत्राशेजारी पाण्याने भरलेले काचेचे भांडे असावे. बंद केलेले पाकीट थंड झाल्यावर पाण्यात बुडवून दाबायचे. बुडबुडे आले नाहीत तर सील पक्के आहे, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. भुकटी भरणाऱ्या ग्राहकांच्या बाबतीत मात्र प्रामाणिक राहावे. सीलच्या रेषेवर भुकटीचे कण राहिले तर कोणत्याही यंत्राचे सील कच्चे राहते. ते लपवू नये. एक पाकीट मुद्दाम तसे बंद करून पाण्यात बुडबुडे दाखवावेत आणि मग लांब नळीच्या नरसाळ्याने भरलेले दुसरे पाकीट दाखवावे. ज्याने आपल्या तोंडून मर्यादा ऐकली, तो पुढच्या प्रश्नासाठीही आपल्याकडेच येईल असा माझा विश्वास आहे.

पत्रकारांचे निमंत्रण दोन टप्प्यांत जाईल. उद्योगविषयक मासिकांची पाने अंक निघण्याच्या बऱ्याच आधी ठरतात, म्हणून त्यांच्या संपादकांना टिपण आणि छायाचित्रे याच आठवड्यात जावीत. दैनिकांच्या वार्ताहरांना आठवडाभर आधी निमंत्रण आणि बुधवारी सकाळी एक छोटी आठवण पुरे. वारंवार फोन करू नयेत. एकूण १२ जणांना बोलवावे. चौघे आले तरी मी समाधानी असेन. बातमी गुरुवारी संध्याकाळी ६ पूर्वी देऊ नये, अशी विनंती टिपण पाठवण्याआधी करावी आणि संमती मिळाल्यावरच टिपण पाठवावे. मजकूर हाती पडल्यानंतर घातलेली अट कोणावरही बंधनकारक ठरत नाही.

निमंत्रणाचा मजकूर:

“मा. संपादक, सप्रेम नमस्कार. हाताने पाकिटे बंद करणाऱ्या छोट्या उत्पादकांसाठी आम्ही तयार केलेल्या टेबलावरील सीलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक गुरुवारी दुपारी ३ वाजता आमच्या कार्यशाळेत केवळ पत्रकारांसाठी होणार आहे. १५ सेंटिमीटर रुंदीची पाकिटे एका कामगाराने हाताने दिली असता आमच्या चाचणीत मिनिटाला २२ पाकिटे बंद झाली. ही चाचणी आपल्यासमोर पुन्हा केली जाईल. यंत्र महिनाभर वापरून पाहिलेले दोन उत्पादक उपस्थित राहणार असून आपण त्यांच्याशी आमच्या अनुपस्थितीत बोलू शकता. छायाचित्रांसाठी यंत्र पंधरा मिनिटे मोकळे ठेवले जाईल. आपला प्रतिनिधी पाठवावा, ही विनंती.”

२२ या आकड्याविषयी दोन शब्द. पट्टा मिनिटाला ८ मीटर चालतो आणि दोन पाकिटांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवले, तर कागदावर मिनिटाला ४० पाकिटे होतात. पण माणूस तितक्या वेगाने पाकिटे देऊ शकत नाही. मोजलेला आकडाच छापायला द्यावा. ४० वाचून यंत्र घेतलेला ग्राहक पहिल्याच दिवशी निराश होईल.

छायाचित्रे तीनच द्यावीत, प्रत्येकाखाली एका ओळीची माहिती असावी, आणि किमान एकात यंत्रासोबत माणसाचे हात दिसावेत, म्हणजे आकाराचा अंदाज येतो.

पाठपुराव्याची सुरुवात यंत्रापाशीच होते. प्रत्येक पाहुण्याने बंद केलेल्या दोन पाकिटांपैकी एक त्याच्यासोबत जाईल आणि दुसरे आपल्याकडे राहील. आपल्याकडच्या पाकिटावर पाहुण्याचा क्रमांक, तापमान, पट्ट्याचा वेग आणि पाकिटाची मायक्रॉनमधील जाडी लिहावी. त्याच क्रमांकाच्या चिठ्ठीवर नाव, फोन, विचारलेला प्रश्न आणि पुढे संपर्क करण्यास संमती आहे की नाही, याची नोंद करावी. संमती नसेल त्याला एकही संदेश जाणार नाही.

नोंदी गुरुवारी रात्रीच पूर्ण कराव्यात आणि त्यावरून तीन गट पाडावेत: खरेदीची तयारी दाखवणारे, ठरावीक अडचण सांगणारे, आणि फक्त पाहून गेलेले. प्रत्येक ग्राहकाचे नाव एकाच सहकाऱ्याकडे राहील. शुक्रवारी दुपारी १२ पूर्वी संमती दिलेल्या प्रत्येकाला त्याच्या पाकिटाच्या नोंदीसह हा संदेश जावा:

“काल आपण आलात, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपण बंद केलेले पाकीट आमच्याकडे जपून ठेवले आहे. त्यासाठी लावलेले तापमान, वेग आणि पाकिटाची जाडी सोबत पाठवत आहोत. आपल्याकडचे पाकीट चार दिवस मालासह ठेवून पाहावे. मंगळवारी आम्ही फोन करू, तेव्हा सील कसे राहिले ते सांगावे.”

मंगळवारचा फोन विक्रीची गळ घालण्यासाठी नाही. सील टिकले का, एवढेच आधी विचारावे. टिकले नसेल तर आपल्याकडचे पाकीट काढून कारण शोधावे आणि त्याच दिवशी उत्तर द्यावे. तयारी दाखवणाऱ्यांना मागणीपत्रक लगेच द्यावे. अडचण सांगणाऱ्यांना दहा दिवसांच्या आत तीन दिवसांसाठी यंत्र वापरायला द्यावे. त्यासाठी प्रात्यक्षिकाची तिन्ही यंत्रे फिरती राहतील. पाहून गेलेल्यांना महिन्याने एकदा विचारावे. तीन वेळा संपर्क करूनही उत्तर आले नाही, तर थांबावे.

भांडारात २४ यंत्रे तयार आहेत. पंचविसाव्या मागणीपासून पुढे २१ दिवसांची मुदत सांगावी, कोणीही कितीही घाई केली तरी. पाठपुराव्याच्या पहिल्या बैठकीसाठी त्या मंगळवारी संध्याकाळी ५ वाजता सगळ्यांनी यावे. येताना चिठ्ठ्या आणि पाकिटे दोन्ही सोबत आणावीत, नुसती यादी आणू नये.

आपला,
व्यवस्थापकीय भागीदार