जर्नल क्लब, गुरुवार सकाळी ८: जठरातल्या वाकड्या बॅसिलायचा पेपर, बोलायच्या नोट्स आणि वेळा

आधी स्वतःसाठी. बोलायला १२ मिनिटं, प्रश्नांना ५. काल रात्री रूमवर मोबाईलचा टायमर लावून ट्रायल घेतली तर १४ मिनिटं २० सेकंद झाली, त्यातली जवळजवळ साडेतीन नुसती सुरुवातीच्या इतिहासात गेली, म्हणून तिथेच कापलंय. टेबलची स्लाइड कापलेली नाही आणि आयत्या वेळीही कापायची नाही, कारण बाकी सगळं त्या टेबलपर्यंत पोचायलाच आहे.

लॅबचे टेक्निशियनही येणार आहेत म्हणून मराठीतच बोलायचं, शब्द आपले नेहमीचे.

खुणा: / म्हणजे एक श्वास. // म्हणजे मनात तीनपर्यंत मोजायचं, मग पुढे. [क्लिक] म्हणजे क्लिक, वाक्य संपल्यावर, मध्ये नाही. ज्युनिअर पहिल्या रांगेत बसणार, ६:३० ला एक बोट आणि १०:१५ ला दोन बोटं दाखवणार. बाकी वेळी तिच्याकडे बघायचं नाही, मग मी घाबरून पळायला लागते.

आणि एक नियम, हा लाल पेनने: स्लाइड ८ येईपर्यंत "हेलिकोबॅक्टर" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. १९८४ च्या पेपरात तो नाहीच, ते नाव १९८९ साली आलं. आपल्याला आज उत्तर माहिती आहे म्हणून ते पेपरच्या तोंडी घालायचं नाही.

स्लाइड १ (०:०० ते ०:३०)
"गुड मॉर्निंग. आजचा पेपर मार्शल आणि वॉरन, द लॅन्सेट, १६ जून १९८४. / विषय, गॅस्ट्रायटिस आणि पेप्टिक अल्सरच्या पेशंटच्या जठरात सापडलेले ओळख न पटलेले वाकडे बॅसिलाय. शीर्षकातच 'ओळख न पटलेले' असं आहे, तेवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल." [क्लिक]

स्लाइड २ (०:३० ते २:००)
"ऐंशीच्या सुरुवातीला हिशोब सरळ होता, अल्सर म्हणजे अ‍ॅसिड. टेन्शन घेता, तिखट खाता, सिगरेट ओढता, अ‍ॅसिड वाढतं, अल्सर होतो. / सिमेटिडिन बाजारात आलेली होती, अ‍ॅसिड कमी करायची, अल्सर भरून यायचा, गोळी बंद केली की बऱ्याच जणांना परत. आणि जठरात एवढं अ‍ॅसिड असताना तिथे जंतू टिकणारच नाही, दिसलाच तर बाहेरून आलेला, असं बहुतेकांचं मत."

मिसळीचा जोक एकच वाक्य: "म्हणजे आपल्या पुण्यात मिसळ खाऊन कोणाचं पोट जळलं की दोष तर्रीला." बस, पुढे नाही. ट्रायलला मी मिसळीवर ४० सेकंद घालवले आणि हसले फक्त मीच. [क्लिक]

स्लाइड ३ (२:०० ते ३:१५)
चांदीच्या स्टेनचा फोटो. फोटो आपल्याच लॅबमधला आहे, पेपरमधला नाही, हे सांगून टाक, नाहीतर मॅडम विचारतीलच.
"रॉबिन वॉरन पर्थला पॅथॉलॉजिस्ट. १९७९ साली अँट्रल बायोप्सीत म्यूकोसाच्या पृष्ठभागावर त्यांना वाकडे बॅसिलाय दिसले. साध्या एच अँड ई वर हे सहज निसटतात, वॉर्थिन-स्टारी सिल्व्हर स्टेन केला की काळे उठून दिसतात. // [लेझर] हे बघा, म्यूकसच्या थराखाली, एपिथेलियमला चिकटून."
(इथे टेक्निशियन काकांकडे बघायचं. सिल्व्हर स्टेन बिघडला की काय होतं हे त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला माहिती नाही.)
"१९८१ ला बॅरी मार्शल तिथे ट्रेनी म्हणून आले आणि दोघांनी मिळून नीट अभ्यास करायचं ठरवलं. ह्या पेपरच्या आधी, १९८३ साली, दोघांची दोन वेगवेगळी पत्रं लॅन्सेटमध्येच आली होती, आज आपण वाचतोय तो पूर्ण पेपर." [क्लिक]

स्लाइड ४ (३:१५ ते ४:३०)
"डिझाइन साधं आहे. गॅस्ट्रोस्कोपीला आलेले, संमती दिलेले, एकापाठोपाठ एक असे १०० पेशंट. निवडून घेतलेले नाहीत. / बायोप्सी अँट्रममधून, आणि न बिघडलेल्या म्यूकोसामधून, अल्सरच्या कडेवरून नाही."
इथे जरा थांबून समजावायचं, ही गोष्ट वाचताना मीपण दुसऱ्यांदा पकडली. "अल्सरच्या खड्ड्यातून तुकडा घेतला असता तर कोणीही म्हटलं असतं की जखम झाली म्हणून जंतू बसले. जखमेपासून लांबच्या म्यूकोसात सापडले, म्हणून त्या आक्षेपाला थोडं तरी उत्तर मिळतं. पूर्ण नाही मिळत, थोडं." [क्लिक]

स्लाइड ५ (४:३० ते ६:३०)
तीन आकडे, एकेक करून आणायचे. [क्लिक] १००. [क्लिक] ५८. [क्लिक] ११.
"१०० पैकी ५८ तुकड्यांत बॅसिलाय दिसले. त्यातल्या ११ मध्येच कल्चर वाढलं. //"
"आता ५८ मधले ११ म्हणजे १९ टक्के, इतकी कमी कल्चर पॉझिटिव्ह का? तर प्लेट्स कॅम्पिलोबॅक्टरच्या पद्धतीने, कमी ऑक्सिजनमध्ये ठेवल्या जायच्या आणि ४८ तासांत काही आलं नाही की फेकून दिल्या जायच्या. तीसहून जास्त पेशंटच्या प्लेट्स अशाच गेल्या. मग १९८२ चा ईस्टर, लांब सुट्टी, प्लेट्स इन्क्युबेटरमध्ये पाचेक दिवस तशाच राहिल्या, आणि कॉलनी आल्या. //"
ह्या स्लाइडवर १९ टक्के हा आकडा मी स्वतः बोलून लगेच खोडायचाय, म्हणजे प्रश्नोत्तरात कोणी काढायला नको: "म्हणून हे १९ टक्के जंतूबद्दल सांगत नाहीत, प्लेट किती दिवस ठेवली त्याबद्दल सांगतात. सुरुवातीच्या प्लेट्सना संधीच मिळाली नव्हती."
वेळ असेल तरच: "आपल्याकडे दिवाळीत इन्क्युबेटर कोण बघतं हा प्रश्न मी विचारत नाहीये." वेळ नसेल तर सोड. [क्लिक]

>>> ६:३०, एक बोट. टेबलवर पोचले नसेन तर स्लाइड ८ मधलं १९८८ च्या ट्रायलचं वाक्य उडवायचं. टेबलमधलं काहीही उडवायचं नाही.

स्लाइड ६, टेबल (६:३० ते ८:४५)
स्लाइड आली की पाच सेकंद गप्प. खरंच गप्प. लोक टेबल वाचतात तेव्हा मी बोलले तर दोन्ही जातं.
"आधी वरची ओळ वाचूया. उजवीकडच्या कॉलममध्ये बॅसिलाय सापडलेले, डावीकडे एकूण. / ड्युओडेनल अल्सर: १३ पेशंट, १३ मध्ये सापडले. // गॅस्ट्रिक अल्सरमध्ये बहुतेकांत, सगळ्यांत नाही. आणि अ‍ॅक्टिव्ह क्रॉनिक गॅस्ट्रायटिस असेल तर जवळपास सगळ्यांत."
"१३ पैकी १३ ऐकायला भारी वाटतं. पण 'शंभर टक्के' म्हणताना जपून. १३ पैकी १३ चा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल खाली ७५ टक्क्यांपर्यंत येतो. / म्हणजे खरा आकडा ७५ ते १०० मध्ये कुठेही असू शकतो, आणि तरीही तो खूप मोठाच आहे. //"
हे गणित एकदा फळ्यावर लिहायचा विचार होता पण वेळ खातं. कोणी विचारलंच तर: ०.०२५ चं तेरावं मूळ, ०.७५ येतं.
"माझ्या मते ह्या टेबलची ताकद अल्सरच्या ओळीत नाही, गॅस्ट्रायटिसच्या ओळीत आहे. अल्सर हा डोळ्याला दिसणारा शेवट. जंतू आणि पेशीतली सूज ही जोडी मात्र जवळपास प्रत्येक वेळी एकत्र दिसते." हे वाक्य हळू. काल घाईत "जोडी" च्या जागी "जोडणी" म्हणाले. [क्लिक]

स्लाइड ७, पेपर काय म्हणत नाही (८:४५ ते १०:१५)
"लेखकांनी लिहिलंय की हे जंतू ह्या आजारांच्या कारणांत महत्त्वाचा घटक असू शकतात. 'असू शकतात'. // जंतूमुळे अल्सर होतो असं म्हटलेलं नाही, कारण ह्या डिझाइनवरून ते म्हणताच येत नाही. एकाच वेळी घेतलेली एक बायोप्सी. आधी काय होतं, जंतू की सूज, ते कळायला मार्ग नाही. आजारी म्यूकोसावर जंतू नंतर येऊन बसले असतील, हा आक्षेप उभाच राहतो."
कॉखच्या अटी इथे, पण सगळ्या चारही वाचून नाही दाखवायच्या, सेकंड एमबीबीएसला सगळ्यांनी घोकल्यात. फक्त: "आजारात सापडला, काहींमध्ये वेगळा वाढवला. निरोगी माणसाला देऊन आजार होतो का, ते बाकी होतं." [क्लिक]

>>> १०:१५, दोन बोटं.

स्लाइड ८, पुढे काय झालं (१०:१५ ते ११:३०)
आता नाव घ्यायला मोकळी.
"ती उरलेली अट मार्शलनी स्वतःवर पूर्ण करायचा प्रयत्न केला. १९८४ सालीच, आधी एंडोस्कोपी करून जठर स्वच्छ आहे हे बघितलं आणि मग कल्चर प्यायले. दहाएक दिवसांनी गॅस्ट्रायटिस दिसलं. १९८५ ला छापलं. / गॅस्ट्रायटिस झालं, अल्सर नाही झाला, हे नीट ऐका, कारण गोष्ट सांगताना लोक अल्सर झाला असंच सांगतात."
"१९८८ ला डबल ब्लाइंड ट्रायल, जंतू काढला की ड्युओडेनल अल्सर परत यायचं प्रमाण कमी. १९८९ ला नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. १९९४ ला अमेरिकेच्या एनआयएचच्या पॅनेलने सांगितलं, अल्सर आणि हा जंतू दोन्ही असतील तर अँटिबायोटिक्स द्या. २००५ ला दोघांना नोबेल." [क्लिक]
तारखा पटपट, स्लाइडवर आहेतच.

स्लाइड ९ (११:३० ते १२:००)
"आपल्या लॅबसाठी एकच सूचना. अँट्रल बायोप्सीत अ‍ॅक्टिव्ह गॅस्ट्रायटिस असेल आणि एच अँड ई वर काही दिसत नसेल तर रिपोर्ट लिहायच्या आधी स्पेशल स्टेन मागवूया. थँक यू." स्लाइड तशीच ठेवायची, काळी करायची नाही.

प्रश्न येतील ते:
"पेशंट पीपीआयवर असेल तर?" जंतूंची संख्या कमी दिसते, टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, साधारण दोन आठवडे आधी औषध बंद ठेवून तपासतात. हे सर हमखास विचारणार.
"मग टेन्शन आणि तिखटाचं काय?" उत्तर: ह्या पेपरने तो प्रश्न तपासलेलाच नाही. एवढंच. मिसळीकडे परत वळायचं नाही.
"अल्सरचं दुसरं मोठं कारण?" पेनकिलर, एनएसएआयडी. सांधेदुखीच्या गोळ्या रोज घेणारे आजी-आजोबा.
"सगळ्या इन्फेक्टेड लोकांना अल्सर होतो का?" नाही, बहुतेकांना होत नाही.

बुधवारी संध्याकाळी अजून एक ट्रायल, ह्यावेळी उभं राहून, कारण बसून बोलले की वेग वाढतो. रिमोटचे सेल बदल. लॅपटॉपचा चार्जर नेहमी मायक्रोटोमच्या खोलीत विसरतो, तो आदल्या दिवशीच सेमिनार हॉलला नेऊन ठेव. पाऊस असेल तर स्वारगेटला अडकायच्या आधी साडेसहाला निघ.